घरपट्टीची वाढीव नोटीस: तक्रार कशावर करायची आणि अपील कुठे करायचं

प्रश्न: सांगलीत गावभागात आमचं दुमजली घर आहे, 1994 सालचं. आम्हीच राहतो, भाडेकरू नाही. सर्व्हेनंतर महानगरपालिकेची विशेष नोटीस 6 तारखेला हातात मिळाली. करयोग्य मूल्य एकदम 46,958 रुपये लावलंय. मागचं पत्र्याचं शेड, पोर्च, गच्ची सगळं धरलंय, आणि पुढच्या खोलीत बायको शिवणकाम करते म्हणून ती दुकान म्हणून लावली आहे. अपील कुणाकडे करायचं? 2019 आणि 2021 च्या पुरात घरात पाणी होतं, तो मुद्दा घालू का? पैसे आधी भरावे लागतात का?

उत्तर:

आधी तारीख. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, 1949 च्या अनुसूची 'ड' मधल्या आठव्या प्रकरणात कर आकारणीचे नियम आहेत. त्यातल्या नियम 15 प्रमाणे मूल्य वाढवलं असेल तर मालकाला विशेष लेखी नोटीस द्यावी लागते, आणि ती मिळाल्यापासून 15 दिवसांत मालकाने आयुक्तांकडे लेखी तक्रार द्यायची असते. तुम्हाला नोटीस 6 तारखेला मिळाली, म्हणजे 21 तारीख शेवटची. 21 ला रविवार किंवा सुट्टी येते का ते आजच बघा, आणि तसंही 18 च्या पुढे जाऊ नका. नोटिशीचा लिफाफा किंवा पोच घेतल्याची नोंद जपून ठेवा. नोटिशीवर छापलेली तारीख आणि ती तुमच्या हातात पडल्याची तारीख यांत बरेचदा आठवड्याचं अंतर असतं, आणि पुढे मुदतीचा वाद निघाला तर हाच कागद कामी येतो.

आत्ता जे द्यायचं त्याला बोलीभाषेत सगळे अपील म्हणतात, पण कायद्याच्या भाषेत ती तक्रार आहे. खरं अपील कलम 406 खाली न्यायाधीशांकडे होतं. पुण्यात ते लघुवाद न्यायालयात चालतं. सांगलीसारख्या शहरात दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर, यांच्याकडे चालतं. त्या दारात जाण्याची पहिली अट अशी, की करयोग्य मूल्याबद्दल आधी आयुक्तांकडे तक्रार झालेली असली पाहिजे आणि तिचा निकाल लागलेला असला पाहिजे. तक्रारच दिली नाही तर न्यायालय मूल्य बरोबर की चूक हे तपासतही नाही, अपील तिथल्या तिथे फेटाळलं जाऊ शकतं. म्हणून हे 15 दिवस सगळ्यात महत्त्वाचे आहेत.

इथेच बरेच जण फसतात. गल्लीतल्या पन्नास लोकांच्या सह्यांचं सामूहिक निवेदन दिलं, नगरसेवकाला भेटलो, मोर्चाला गेलो, वॉर्ड ऑफिसात तोंडी सांगितलं, यातलं काहीही तुमची तक्रार ठरत नाही. तुमच्या मालमत्ता क्रमांकावर, तुमच्या सहीचा, कारणं लिहिलेला स्वतंत्र अर्ज लागतो आणि त्याच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, शिक्का आणि तारीख लागते. निवेदन जरूर द्या, पण ते या अर्जाच्या जोडीला.

आता अर्जात काय लिहायचं. "घरपट्टी फार वाढली, परवडत नाही, कृपया कमी करावी" असं लिहिलेला अर्ज ऐकणाऱ्या अधिकाऱ्याला काहीच करता येत नाही. कराचा टक्का महासभेने ठरवलेला असतो, तो त्याच्या हातात नाही. त्याच्या हातात आकारणी नोंदवहीतल्या तुमच्या घराच्या नोंदी आहेत: किती चौरस मीटर, कोणत्या प्रकारचं बांधकाम, कोणता वापर, कोणतं वर्ष, राहणारा मालक की भाडेकरू. यातली चुकलेली नोंद दाखवून दिली की रक्कम आपोआप खाली येते. त्यामुळे रकमेवर बोलू नका, नोंदीवर बोला.

त्यासाठी नोंद डोळ्यांनी पाहिली पाहिजे. मालक किंवा भोगवटादार म्हणून आकारणी नोंदवहीतला आपल्या मालमत्तेचा भाग विनामूल्य बघण्याचा आणि त्यातून उतरवून घेण्याचा तुम्हाला अधिकार आहे. उद्याच कर विभागात जा, मालमत्ता क्रमांक सांगा, मोजमापाचा तक्ता उतरवून घ्या आणि सर्व्हेच्या वेळी काढलेला फोटो व कच्चा नकाशा असेल तर त्याची प्रत मागा. प्रत द्यायला चालढकल झाली तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका. पण त्याच्या उत्तराला 30 दिवस लागू शकतात, म्हणून त्याची वाट बघत तक्रार अडवून ठेवू नका.

मग टेप घेऊन घर मोजा, आणि कसं मोजता ते जपून ठरवा. तक्त्याच्या रकान्यावर 'बांधकाम क्षेत्र' लिहिलंय की 'चटई क्षेत्र', हे आधी वाचा. बाहेरून 10 मीटर गुणिले 7 मीटर असलेलं घर 70 चौरस मीटर भरतं. त्याच घराच्या बाहेरच्या भिंती 23 सेंटिमीटरच्या असतील, तर आतून ते 9.54 गुणिले 6.54, म्हणजे सुमारे 62.4 चौरस मीटर भरतं, आणि आतल्या भिंती अजून वजा व्हायच्या आहेत. दर चटई क्षेत्राचा आणि मोजमाप बाहेरून, असं झालं असेल तर दहा टक्क्यांहून जास्त फुगवटा तिथेच निघतो. उलट दर बांधकाम क्षेत्राचा असताना तुम्ही आतून मोजून "मोजमाप चुकलंय" म्हणालात, तर पहिल्याच मुद्द्यावर तुमचा विश्वास जातो आणि पुढचे खरे मुद्देही हलके पडतात.

तुमच्या आकड्याचा हिशेब असा उलगडतो. करयोग्य मूल्य काढण्याची रीत नियम 7 मध्ये आहे. मालमत्ता वर्षभर भाड्याने दिली तर वाजवीपणे जे भाडं येईल, त्यातून दुरुस्ती वगैरे सगळ्यांपोटी 10 टक्के वजा करायचे. प्रत्यक्षात क्षेत्रफळ गुणिले दरमहा दर गुणिले 12, वजा 10 टक्के, असा तो हिशेब होतो. खालचे दर आणि क्षेत्रफळं मी हिशेब दाखवण्यासाठी धरली आहेत. ती तुमच्या एकूण आकड्याशी जुळतात, पण अर्जात आकडे घालाल ते तुमच्या नोटिशीसोबतच्या तक्त्यातलेच घाला.

समजा आरसीसी निवासी दर चौरस मीटरला महिना 22 रुपये, बिगरनिवासी 60 आणि पत्र्याच्या शेडला 9 रुपये आहे. नोटिशीत तळमजला 96 चौरस मीटर धरलाय. त्यातले 80 निवासी, म्हणजे 1,760 रुपये, आणि 16 बिगरनिवासी, म्हणजे 960 रुपये. पहिला मजला 74 चौरस मीटर, म्हणजे 1,628 रुपये. महिन्याचे 4,348, वर्षाचे 52,176, त्यातून 10 टक्के गेले की 46,958 उरतात.

आता घर जसं आहे तसं लिहा. तळमजल्यावर भिंती-छताचं घर पुढच्या खोलीसह 70 चौरस मीटर, मागचं पत्र्याचं शेड 14 आणि खांबांवरचा, तीन बाजूंनी उघडा पोर्च 12. बेरीज 96 च येते, म्हणजे मोजणाऱ्याची टेप चुकलेली नाही, त्याने सगळ्याला एकच वर्ग लावलाय. वर बांधलेल्या खोल्या 56 आणि उघडी गच्ची 18, बेरीज 74. आता 70 आणि 56 ला 22 चा दर, शेडला 9 चा दर, पोर्च आणि गच्ची बाहेर. महिन्याचे 2,898, वर्षाचे 34,776, आणि 10 टक्के वजा जाऊन 31,298 रुपये.

फरक 15,660 रुपयांचा. तो कुठून आला हे सुटं करून बघितलं की अर्जाचा क्रम आपोआप ठरतो. पुढच्या खोलीच्या वापराने 6,566 रुपये वाढवलेत, गच्चीने 4,277, पोर्चने 2,851 आणि शेडने 1,966. लोक अर्जात शेडवर दोन पानं लिहितात, कारण ते शेड डोळ्यांत सलत असतं, आणि खोलीचा मुद्दा शेवटच्या ओळीत येतो. तुम्ही खोलीपासून सुरुवात करा आणि पुरावाही तिथेच सगळ्यात जास्त जोडा.

खोलीचा मुद्दा हा वापराचा प्रश्न आहे. घरातल्या खोलीत मशीन ठेवून शेजारपाजारच्या बायकांचे ब्लाऊज शिवणं आणि रस्त्याकडे शटर, पाटी, काउंटर आणि मदतनीस असलेलं टेलरिंगचं दुकान, यांत फरक आहे, आणि तो कागदाने दाखवता येतो. महावितरणचं बिल घरगुती वर्गवारीचं आहे का? दुकान म्हणून कुठली नोंदणी केली आहे का? खोलीला रस्त्याकडून वेगळं दार आहे का? खोलीत पलंग, कपाट असा घरगुती वापर दिसणारे तारखेचे फोटो आहेत का? एक गोष्ट मात्र मनापासून सांगतो. बाहेर पाटी लावलेली असेल तर फेरपाहणीच्या आदल्या दिवशी ती उतरवून "पाटी नव्हतीच" असं म्हणू नका. सर्व्हेचा फोटो फाइलमध्ये असतो, आणि एक खोटं सापडलं की बाकीचे तीन खरे मुद्देही बुडतात. तशी परिस्थिती असेल तर वेगळं मागा: मशीन खोलीच्या एका कोपऱ्यात आहे, बाकी खोली राहण्यासाठी आहे, म्हणून फक्त त्या कोपऱ्याचे 4 चौरस मीटर बिगरनिवासी धरा. तेवढ्यानेही पावणेपाच-पाच हजारांचा फरक पडतो.

गच्ची आणि पोर्च यांसाठी मंजूर नकाशा आणि पूर्णत्वाचा दाखला काढा. नकाशात 'उघडी गच्ची' असं लिहिलेलं असलं की तोंडी बोलावं लागत नाही. पण गच्चीवर पत्रे टाकले असतील तर ती उघडी राहिली नाही, तिथे फार तर शेडचा दर मागता येईल. पोर्चबद्दल तक्त्यातली टीप वाचा. उघड्या पोर्चला कमी दर दिला असेल तर पोर्च पूर्ण वगळण्याऐवजी तोच दर मागा. शेडचे फोटो आतून आणि बाहेरून काढा, पत्रा आणि लोखंडी अँगल दिसतील असे.

पत्र्याचं शेड किंवा वरच्या खोल्या परवानगीशिवाय बांधलेल्या असतील, तर नोटिशीत किंवा बिलात 'शास्ती' असा वेगळा रकाना आहे का ते बघा. अनधिकृत बांधकामावर कलम 267-अ खाली शास्ती लागू शकते. ती करयोग्य मूल्यात मिसळलेली नसते, तिचा मुद्दा स्वतंत्र परिच्छेदात लिहावा लागतो. तसंच तक्त्यात बांधकामाचं वर्ष 1994 च आहे ना, आणि भोगवटा 'स्वतः' असाच आहे ना, हेही तपासा. वर्ष 2012 पडलं किंवा भोगवटा 'भाडेकरू' पडला तर दर बदलू शकतो. जुन्या घराचं वर्ष सिद्ध करायला जुनी घरपट्टीची पावती, बांधकाम परवाना किंवा वीजजोडणीची तारीख चालते.

आता पुराचा मुद्दा. तुमचं दुःख खरं आहे, गावभागात 2019 ला काय झालं ते सगळ्या सांगलीने पाहिलं. तत्त्व म्हणूनही मुद्दा चूक नाही, कारण मूल्य वाजवी भाड्यावर ठरतं आणि पाणी शिरणाऱ्या तळमजल्याला भाडं कमी येतं. पण इथे तो घालू नका. 70 चौरस मीटरच्या तळमजल्याला 22 च्या दराने महापालिका महिना 1,540 रुपये भाडं धरते आहे. पूर येणाऱ्या गल्लीतसुद्धा एवढं घर 1,540 रुपयांना मिळत नाही. तुम्ही दर जास्त आहे म्हणालात की समोरचा अधिकारी शेजारच्या घराचा भाडेकरार मागेल, आणि तो करार तुमच्याच विरुद्ध बोलेल. तक्त्यातला दर तुमच्या भागातल्या खऱ्या भाड्याच्या वर असेल आणि तसे दोन-तीन नोंदणीकृत करार हातात असतील, तरच दराला हात लावावा. तुमच्या प्रकरणात दर सोडा, नोंदी धरा.

अर्ज साधा ठेवा. दोन पानांत मावेल असा नमुना देतो:

> प्रति,
> मा. आयुक्त,
> सांगली, मिरज आणि कुपवाड शहर महानगरपालिका.
>
> विषय: मालमत्ता क्र. ........, गावभाग, सांगली. दि. ........ च्या विशेष नोटिशीतील करयोग्य मूल्याविरुद्ध तक्रार.
>
> महोदय,
>
> वरील मालमत्तेचा मी मालक असून तेथे सहकुटुंब राहतो. आपली विशेष नोटीस मला दि. 6 रोजी मिळाली. तीत करयोग्य मूल्य रु. 46,958 दाखवले आहे. ते मला मान्य नाही. माझी तक्रार मुदतीत असून तिची कारणे पुढीलप्रमाणे आहेत.
>
> तळमजल्यावरील पुढची 16 चौ.मी. खोली बिगरनिवासी धरली आहे. ती राहत्या घराचा भाग असून तिला स्वतंत्र प्रवेश नाही, दुकानाची नोंदणी नाही व वीजजोडणी घरगुती आहे. तिला निवासी दर लावावा. पहिल्या मजल्याच्या 74 चौ.मी. मध्ये 18 चौ.मी. उघडी गच्ची धरली आहे. मंजूर नकाशात ती उघडी गच्ची म्हणून दाखवली आहे. ती वगळावी. तळमजल्याच्या क्षेत्रात 12 चौ.मी. उघडा पोर्च आरसीसी निवासी म्हणून धरला आहे. तो वगळावा अथवा तक्त्यातील लागू दर लावावा. मागील 14 चौ.मी. बांधकाम पत्र्याचे शेड आहे. त्याला शेडचा दर लावावा.
>
> याप्रमाणे हिशेब केल्यास करयोग्य मूल्य रु. 31,298 येते. हिशेबाचा तक्ता सोबत जोडला आहे. माझ्या समक्ष फेरमोजणी करावी, सुनावणीची तारीख मला लेखी कळवावी आणि करयोग्य मूल्य रु. 31,298 निश्चित करावे, ही विनंती.
>
> सोबत: नोटिशीची प्रत, मोजमाप व हिशेबाचा तक्ता, मंजूर नकाशा, पूर्णत्वाचा दाखला, वीजबिल, मागील घरपट्टी पावती, छायाचित्रे.

शेवटी नेमका आकडा मागितलाय, त्याकडे लक्ष द्या. "योग्य ती कपात करावी" असं लिहिलं की शंभर रुपये कमी करूनही तक्रार मान्य केल्याचा शेरा मारता येतो. मग त्या निकालाविरुद्ध अपिलात नेमकं काय नाकारलं गेलं हे दाखवणं अवघड होतं. तसंच चारही कारणं आत्ताच लिहा. न्यायालयात नवंच कारण काढलं तर "हे तुम्ही आयुक्तांपुढे कधी म्हणालात?" हा पहिला प्रश्न येतो.

फेरमोजणीला माणूस येईल तेव्हा घरी थांबा, आपली टेप सोबत धरा आणि कोऱ्या किंवा अर्धवट भरलेल्या कागदावर सही करू नका. क्षेत्र पटलं पण वापराची नोंद पटली नाही तर सहीच्या वर "क्षेत्र मान्य, वापराची नोंद अमान्य" असं नेमकं लिहा. सुनावणीला गैरहजर राहिलात तर तुमच्यामागे निकाल होऊ शकतो. सुनावणीत पाच-सात मिनिटं मिळतात. त्या वेळात हिशेबाचा तक्ता अधिकाऱ्यासमोर ठेवा, खोलीचा मुद्दा बोला आणि बाकीचे तीन मुद्दे नकाशावर बोट ठेवून दाखवा.

निकाल लागला की घड्याळ पुन्हा सुरू होतं, आणि इथे पहिल्यापेक्षा जास्त नुकसान होतं. करयोग्य मूल्याविरुद्धच्या अपिलाला तक्रारीचा निकाल लागल्यापासून 15 दिवस मिळतात. निकालाचं पत्र घरी येईल म्हणून बसून राहिलेल्यांची मुदत पोस्टातच संपते. सुनावणी झाली की दर दोन-तीन दिवसांनी कर विभागात चौकशी करा, निकाल झाल्याचं कळलं त्याच दिवशी प्रमाणित प्रतीचा अर्ज द्या आणि वकिलांकडे कागद सोपवा. अपिलात नोटीस, तक्रार आणि निकाल यांच्या तारखा, प्रत्येक कारणावर आयुक्तांनी काय म्हटलं किंवा काय म्हटलंच नाही, आणि मागणीचा तोच 31,298 चा आकडा, एवढं पुरतं. निकालात "नियमानुसार आकारणी योग्य आहे" एवढी एकच ओळ असेल तर तुमच्या कारणांवर विचारच झाला नाही, हा अपिलातला भक्कम मुद्दा होतो. त्यासाठी कारणं आधी लिहिलेली हवीत, म्हणून वरचा नमुना तसा केलाय.

पैशांचं उत्तर टप्प्यावर अवलंबून आहे. आयुक्तांकडच्या तक्रारीला काहीही आधी भरावं लागत नाही, काउंटरवर कुणी "आधी बिल भरा, मग अर्ज घेतो" म्हणालं तरी अर्ज आवकमध्ये द्या. न्यायालयातल्या अपिलाचं तसं नाही. वाढीव मूल्यावरचं बिल तोवर तुम्हाला दिलं गेलं असेल, तर त्या बिलाची मागितलेली रक्कम महापालिकेकडे जमा केल्याशिवाय अपील दाखल करून घेतलं जात नाही. ती भरताना सोबत पत्र द्या की रक्कम हक्क राखून आणि अपिलाच्या निकालास अधीन राहून भरत आहे, आणि त्या पत्राचीही पोच घ्या. मधल्या काळात जुनी थकबाकी ठेवू नका. घरपट्टी 1 एप्रिल आणि 1 ऑक्टोबर अशा दोन सहामाहींत आगाऊ देय होते आणि थकलेल्या बिलावर महिन्याला 2 टक्के शास्ती चढते, वर्षाला ती 24 टक्के होते. तक्रार पडून आहे म्हणून ती थांबत नाही.

उद्या सकाळी कर विभागात जाताना नोटीस, मागची पावती, मंजूर नकाशा आणि वही-पेन न्या. मोजमापाचा तक्ता उतरवून झाला की त्यातले दर आणि रकान्यांची नावं वरच्या हिशेबात घाला. आकडे माझ्या आकड्यांपेक्षा वेगळे निघाले तर अर्जातला 31,298 चा आकडाही त्याप्रमाणे बदला, मगच सही करा.